केसांमागचं जुनं बोधचिन्ह बदलताना चॅनलचा मास्क कसा करायचा

जत्रांचा मोसम जवळ आला की गोव्यातल्या नाट्यमंडळांकडून एक काम हमखास येतं. फोटो गेल्या वर्षीचाच वापरायचा असतो, पण मागच्या पडद्यावरचं चिन्ह बदलून हवं असतं. चिन्ह मोकळ्या पडद्यावर असेल तर हे काम किरकोळ आहे. ते माणसाच्या मागे गेलेलं असेल, आणि त्यातही सुट्या केसांच्या मागे, तर बहुतेकांचं काम तिथेच बिघडतं. नव्या चिन्हावर केसांच्या फटींतून जुना लाल रंग दिसत राहतो, किंवा केस कात्रीने कापल्यासारखे दिसतात.

हे टाळायचं तर पुस्तकी नियम थोडा बाजूला ठेवावा लागतो. ‘ज्या चॅनलमध्ये माणूस आणि पार्श्वभूमी यांत सर्वांत जास्त फरक दिसतो तो चॅनल निवडा’ असं सगळीकडे सांगितलेलं असतं. आपल्या कामात पार्श्वभूमी एकच नाही, दोन आहेत: पडदा आणि पडद्यावरचं चिन्ह. म्हणून आपल्याला तो चॅनल हवा ज्यात चिन्ह पडद्यात विरून जातं आणि केस मात्र काळे राहतात. पुढची सगळी कृती याच निवडीवर उभी आहे.

उदाहरण फोंडा तालुक्यातल्या एका गावच्या उत्सवी नाटकाचं घेतो. मागे साय रंगाचा ताणलेला पडदा, त्यावर लाल रंगात छापलेलं पन्नासाव्या वर्षाचं गोल बोधचिन्ह. समोर अभिनेत्री, केस मोकळे, कानामागे आबोलीचा वळेसर. चिन्हाचा उजवा तिसरा भाग तिच्या केसांमागे गेलेला. पन्नासावं वर्ष सरलं, आता त्या जागी मंडळाचं नेहमीचं गडद निळं चिन्ह बसवायचं आहे. कृती फोटोशॉपमधली आहे. मॅकवर Ctrl च्या जागी Command आणि Alt च्या जागी Option धरा.

## टप्पा १: फाइल तपासा, मग हात लावा

पहिला प्रश्न: फोटो कुठून आला? मंडळाच्या व्हॉट्सअॅप ग्रुपवरून आलेला फोटो या कामाला चालत नाही. जेपेग फाइल लहान करताना साधारणपणे उजेडाची माहिती पूर्ण ठेवली जाते, पण रंगाची माहिती निम्म्या बारकाईने साठवली जाते. डोळ्याला ते कळत नाही. चॅनल उघडला की लगेच कळतं: केसांच्या कडेला चौकोनी ठोकळे दिसतात, आणि तेच ठोकळे तुमच्या मास्कमध्ये उतरतात. फोटोग्राफरकडून कॅमेऱ्यातली मूळ फाइल मागा. रॉ मिळाली तर उत्तमच.

रॉ उघडताना शार्पनिंग शून्यावर आणा. शार्पनिंगमुळे प्रत्येक बटेच्या बाजूने एक उजळ रेघ तयार होते आणि ती पुढे मास्कमध्ये पांढऱ्या किनारीसारखी अडकते. शार्पनिंग सगळ्यात शेवटी करता येतं. पडद्याचा लाल आकडा २५५ ला टेकला असेल तर एक्स्पोजर थोडं खाली ओढा, कारण तिथे बारीक केस उजेडात आधीच खाल्ले गेलेले असतात. फाइल सोळा बिटमध्ये आणि आरजीबीमध्ये उघडा.

मुद्रणालयाला सीएमवायके लागतं म्हणून काहीजण सुरुवातीलाच रूपांतर करून बसतात. तसं करू नका. सीएमवायकेमध्ये चॅनल म्हणजे शाईचे थर. त्यांत केसांची माहिती काळ्या शाईत आणि बाकी तिन्ही शायांत विभागली जाते, आणि मास्कसाठी एकही चॅनल धड उरत नाही.

मूळ लेयरला कुलूप तसंच राहू द्या. या कृतीत त्याच्यावर एकही ब्रश फिरवायचा नाही.

तपासा: फोटो २०० टक्क्यांवर मोठा करून चिन्हाची एक मोकळी कडा पाहा, जिथे केस नाहीत. लालवरून साय रंगावर जायला किती पिक्सेल लागतात ते मोजून लिहून ठेवा. आमच्या उदाहरणात साधारण सहा लागतात. हा आकडा सहाव्या टप्प्यात लागणार आहे, आणि तेव्हा जुनं चिन्ह झाकलं गेलेलं असेल.

## टप्पा २: चॅनल निवडा

आयड्रॉपर घ्या, वरच्या पट्टीत Sample Size ला 3 by 3 Average करा आणि Info पॅनल उघडा. मग तीन ठिकाणी कर्सर नेऊन आकडे वाचा. आमचे आकडे असे होते:

पडदा: लाल २२८, हिरवा २१४, निळा १९०.
चिन्ह: लाल २०५, हिरवा ४५, निळा ५०.
केसांचा दाट भाग: लाल ४०, हिरवा ३२, निळा ३०.

आता एकेक चॅनल वाचून पाहा. निळ्यात पडदा १९०, केस ३०; फरक मोठा, पुस्तकी नियमाने हाच निवडाल. पण त्याच चॅनलमध्ये चिन्ह ५० आहे. म्हणजे चिन्हावरून जाणारे केस आणि चिन्ह यांत फक्त वीसचा फरक. तिथे मास्क म्हणजे एक काळा गोळा होईल. हिरव्यातही तेच. लालमध्ये पडदा २२८ आणि चिन्ह २०५, दोन्ही जवळजवळ सारखे उजळ, आणि केस ४०. चिन्ह विरलं, केस राहिले.

सूत्र लक्षात ठेवायला सोपं आहे: चिन्ह ज्या रंगाचं, त्याच रंगाच्या चॅनलमध्ये ते नाहीसं होतं. लाल चिन्हासाठी लाल चॅनल. निळ्यासाठी निळा, पण त्या चॅनलमध्ये कॅमेऱ्याचे कण जास्त असतात हे धरून चाला. पिवळं चिन्ह लाल आणि हिरवा या दोन्ही चॅनलमध्ये विरतं, तिथे हिरवा घ्या. तो बहुतेक कॅमेऱ्यांत सर्वांत स्वच्छ असतो. चिन्हात सोनेरी किनार किंवा पांढरी अक्षरं असली तरी चिंता नाही, लाल चॅनलमध्ये तीही उजळच असतात.

काळ्या चिन्हासाठी मात्र कुठलाच चॅनल नाही. त्याचं पुढे सांगतो.

## टप्पा ३: चॅनलची प्रत घ्या आणि ताणा

Channels पॅनलमध्ये Red वर राइट-क्लिक करून Duplicate Channel घ्या आणि प्रतीला ‘केस’ असं नाव द्या. मूळ Red वर थेट Levels चालवणारे लोक आहेत. त्यांचा सगळा फोटो गुलाबी किंवा हिरवट होतो आणि कारण लक्षात येईपर्यंत बराच वेळ जातो.

सावधान: Channels पॅनल तुम्हाला त्या वेळी दिसत असलेल्या सगळ्या लेयरांचं एकत्रित चित्र दाखवतो. वर एखादा अॅडजस्टमेंट लेयर चालू असेल तर प्रत त्याच्यासकट होते. प्रत घेताना खालचा मूळ फोटो सोडून सगळे डोळे बंद हवेत.

‘केस’ चॅनल निवडलेला असताना Ctrl+L दाबा. डावी काळी खूण ५० च्या आसपास, उजवी पांढरी खूण २०० च्या आसपास, मधली खूण १.०० वरच. यामागचा हिशेब समजून घेतला की आकडे पाठ करावे लागत नाहीत. बारीक केस एका पिक्सेलपेक्षाही अरुंद असतो. म्हणून त्या पिक्सेलमध्ये थोडा केस आणि थोडा पडदा मिसळलेला असतो, आणि तो करडा दिसतो. केस जितका जास्त, करडा तितका गडद. पांढरी खूण पार्श्वभूमीच्या आकड्यावर आणि काळी खूण केसांच्या आकड्यावर ठेवली की तो करडा आपोआप योग्य प्रमाणात येतो. आपल्या दोन पार्श्वभूमींपैकी गडद ती चिन्हाची, २०५. म्हणून खूण तिच्या किंचित खाली, २०० वर. चिन्हाची सावट पांढऱ्यात मिटेपर्यंत न्या, त्यापुढे एक पाऊलही नको.

सर्वांत जास्त चुका इथेच होतात. करडा दिसला की लोकांना मास्क ‘कच्चा’ वाटतो आणि ते दोन्ही खुणा एकमेकींकडे ढकलत राहतात. सगळं एकदाचं काळं-पांढरं झालं की समाधान वाटतं, आणि केस तारेसारखे जाड, दातेरी होतात. मधली खूण हलवली तर केस एकसारखे जाड किंवा एकसारखे विरळ होतात. केसांच्या टोकांकडचा करडा हा दोष नाही, ती तिथली खरी माहिती आहे.

तपासा: चॅनलमध्ये चिन्हाचा गोल अजून पुसट दिसतोय का? दिसत असेल तर ब्रश घ्या, ब्रशचा मोड Overlay, रंग पांढरा, अपारदर्शकता २० टक्के, आणि त्या सावटीवरून हलक्या हाताने फिरवा. या मोडमध्ये पांढरा ब्रश उजळ करड्याला आणखी उजळ करतो, पण गडद केसाला जवळजवळ हात लावत नाही. केसांच्या टोकांवरून एकदाच फिरवा. दुसऱ्यांदा फिरवला की टोकं जातात.

## टप्पा ४: हाताने करायची तीन कामं

लाल चॅनलने केसांची कडा दिली. बाकी माणसाची कडा तो देत नाही, आणि ती त्याच्याकडून मागूही नये.

पहिलं काम त्वचेचं. माणसाची त्वचा तिन्ही चॅनलपैकी लाल चॅनलमध्येच सर्वांत उजळ दिसते. चेहरा, मान, खांदा सगळे त्या चॅनलमध्ये पडद्याइतकेच फिके आहेत. मास्क असाच लावला तर नवं निळं चिन्ह गालावर येईल. इथे पेन टूल घ्या. चेहरा, मान, खांदा आणि साडी यांच्या कडेने पाथ काढा. केसांपाशी आल्यावर पाथ केसांच्या बाहेरच्या कडेने न्यायचा नाही, दाट केसांच्या आतून न्यायचा. बाहेरची कडा चॅनलची, आतला भाग पाथचा. पाथ बंद करून Ctrl+Enter दाबलं की सिलेक्शन तयार होतं. त्याला एक पिक्सेल फेदर द्या, Select > Save Selection ने ‘शरीर’ नावाने जपून ठेवा, आणि ‘केस’ चॅनलमध्ये ते काळ्याने भरा.

दुसरं काम आबोलीचं. हे गोव्यात काम करणाऱ्याला वारंवार भेटतं आणि बाहेरच्या कुठल्याही धड्यात सापडत नाही. आबोलीचा केशरी रंग लाल चॅनलमध्ये उजळ होतो, म्हणजे काळ्याभोर केसांच्या मधोमध मास्कला पांढरं भोक पडतं. वळेसर केसांच्या आत असेल तर काळ्या ब्रशने भरून टाका, झालं. तो कडेला येऊन थेट पडद्यासमोर असेल तर तेवढ्यापुरता निळा चॅनल कामाचा आहे, कारण त्यात केशरी गडद आणि पडदा उजळ असतो: Blue ची वेगळी प्रत घ्या, ताणा आणि फुलांचा तेवढाच तुकडा तिथून ‘केस’ चॅनलमध्ये आणा. पण फुलांच्या मागे लाल चिन्हच असेल तर निळ्यातही दोन्ही गडद होतात. तिथे सरळ पेन टूल. पाकळीची कडा स्वच्छ असते, तिला चॅनलची गरज नाही. जाई किंवा मोगऱ्याचा गजरा असेल तर तिन्ही चॅनल निरुपयोगी. तिथे पहिल्यापासून पाथच काढा.

तिसरं काम सावलीचं, आणि ते बहुतेकांच्या ध्यानातच येत नाही. रंगमंचावरच्या दिव्यांनी अभिनेत्रीची सावली पडद्यावर पडलेली असते. लाल चॅनलमध्ये ती करडी दिसते आणि मास्कला वाटतं की तिथेही माणूस आहे. मग नवं चिन्ह सावलीत पुसट होतं, जणू सावलीनेच छपाई खाल्ली. खऱ्या पडद्यावर सावली चिन्हाला गडद करते, झाकत नाही. म्हणून सावलीचा भाग मास्कमध्ये पांढरा करा. मोकळ्या जागी साध्या पांढऱ्या ब्रशने. केसांजवळ तोच Overlay ब्रश, पुन्हा २० टक्क्यांवर.

केसांच्या आतल्या चमकेची भोकं काळ्याने भरायची ती याच टप्प्यात. दिव्याखाली केस चमकतात, त्या चमकेच्या जागा चॅनलमध्ये करड्या राहतात. आत बिनधास्त रंगवा, पण बाहेरच्या कडेपासून बोटभर अंतर ठेवून.

## टप्पा ५: जुनं चिन्ह केसांच्या फटींतूनही काढा

मास्क झाला की लगेच नवं चिन्ह टाकायचा मोह होतो. थांबा. नवं चिन्ह बसवण्याआधी खालचा पडदा स्वच्छ हवा, नाहीतर नव्याच्या निळ्यातून जुना लाल वर येईल आणि जांभळे डाग पडतील. मोकळ्या पडद्यावर क्लोन स्टॅम्प चालतो. केसांच्या बटांमध्ये तो चालत नाही. तिथे एकेक फट पुसत बसलेल्यांचे केस शेवटी शेवाळासारखे दिसतात.

इथेही लाल चॅनलच सोडवतो. त्यात चिन्ह जवळजवळ नाही आणि केस शाबूत आहेत. म्हणजे चिन्हाच्या भागापुरता लाल चॅनलच हिरव्याच्या आणि निळ्याच्या जागी वापरला, तर चिन्ह आपोआप जातं आणि प्रत्येक केस जागेवर राहतो. केस काळेच असल्यामुळे रंग हरवल्याचं कळत नाही.

कृती अशी. मूळ फोटोवर Channel Mixer अॅडजस्टमेंट लेयर घ्या, Monochrome वर खूण करा आणि आकडे असे ठेवा:

```
Red: +100
Green: 0
Blue: 0
Constant: 0
```

सगळा फोटो करडा होईल, ते अपेक्षित आहे. त्यावर एक Curves लेयर घ्या, पुसट उरलेलं चिन्ह उचलण्यासाठी. त्याचा मास्क आधी तयार ठेवायचा: वरचे लेयर बंद करून मूळ फोटोवर Select > Color Range ने चिन्हाचा लाल निवडा. फुलं आणि साडीतला लाल त्यात आला तरी चालेल. निवड असतानाच Curves घेतला की ती त्याचा मास्क बनते. त्यात एकच बिंदू: Input २०५, Output २२८. चिन्हाची जागा पडद्याच्या उजेडाला येते.

त्यावर दुसरा Curves, पडद्याचा साय रंग परत आणण्यासाठी. वरच्या यादीतून Green निवडून Input २२८, Output २१४. मग Blue निवडून Input २२८, Output १९०. आकडे कुठून आले ते दिसतंच आहे, दुसऱ्या टप्प्यात मोजलेला पडदा तो हाच.

आता तिन्ही अॅडजस्टमेंट लेयर निवडून Ctrl+G ने गट करा. गटाला मास्क द्या, तो Ctrl+I ने काळा करा. मग ‘शरीर’ सिलेक्शन उलटं करून उचला, म्हणजे चेहरा आणि साडी सुरक्षित राहतील, आणि मऊ पांढऱ्या ब्रशने फक्त चिन्हाची जागा आणि त्यावरचे केस रंगवा. फुलं सोडा. गटाचा मोड Pass Through च असू द्या. तो बदलला तर आतले लेयर खालच्या फोटोवर चालतच नाहीत.

चिन्हाच्या कडेला एखादी पुसट रेघ उरेल. मोकळ्या पडद्यावरची रेघ वेगळ्या रिकाम्या लेयरवर हीलिंग ब्रशने काढा, Sample मध्ये All Layers निवडून. केसांमधली रेघ सोडून द्या. नवं चिन्ह तिथेच येणार आहे, आणि १०० टक्क्यांवर ती दिसत नाही.

तपासा: गटाचा डोळा चालू-बंद करा. चिन्ह जावं, केसांची जाडी बदलू नये. केस बारीक झाले असतील तर पहिल्या Curves चा मास्क केसांवर चढलाय. त्यावर काळा ब्रश कमी अपारदर्शकतेने फिरवा. केसांच्या टोकांना लालसर छटा उरली असेल तर गटाचा मास्क तिथपर्यंत पोचलेला नाही.

## टप्पा ६: नवं चिन्ह बसवा

File > Place Embedded ने नवं चिन्ह आणा, शक्यतो व्हेक्टर फाइल. मंडळाकडून ते बऱ्याचदा जुन्या पत्रिकेच्या फोटोतून कापून येतं. ते मोठं करू नका, आधी नव्याने आखून घ्या.

लेयर निवडून पुन्हा Ctrl+G, म्हणजे चिन्ह एकट्याच्याच गटात जाईल. मग Channels मध्ये ‘केस’ च्या लघुचित्रावर Ctrl धरून क्लिक करा, गट निवडा आणि मास्कचं बटण दाबा. मास्क गटावर ठेवायचं कारण साधं आहे: लेयरवर ठेवला आणि चिन्ह जरासं सरकवलं, तर साखळी जोडलेली असल्याने मास्कही सरकतो आणि चिन्हावर केसांची रिकामी आकृती केसांपासून दूर दिसते. गटावर ठेवला की आतलं चिन्ह हवं तसं हलवा, लहानमोठं करा, मास्क जागेवर राहतो.

सावधान: मास्क उलटा करू नका. नेहमी माणूस कापून काढायची सवय असल्याने हात आपोआप Ctrl+I वर जातो. इथे मास्क चिन्हाला आहे, माणसाला नाही. आपल्या चॅनलमध्ये पडदा पांढरा आणि माणूस काळा आहे, म्हणजे चिन्ह पडद्यावर दिसेल आणि माणसामागे लपेल. हवं ते हेच.

गटाचा मोड Multiply करा. चिन्हाच्या फाइलमागचा पांढरा रंग नाहीसा होईल, पडद्याचा पोत आणि सावली चिन्हातून दिसेल, आणि त्यातली पांढरी अक्षरं साय रंगाची होतील, कापडावर छापल्यासारखी. याचा आणखी एक उपयोग आहे जो मला सर्वांत मोलाचा वाटतो: Multiply काळ्याला काळाच ठेवतो. मास्क एखाद्या बटेवर चुकला आणि निळा रंग केसावर आला, तरी काळ्या केसावर तो जवळजवळ दिसत नाही. त्यामुळे मास्क करताना थोडं सैल राहणं परवडतं, घट्ट राहणं परवडत नाही. केसाभोवती उरलेली साय रंगाची किनार लगेच डोळ्यात भरते. केसावर आलेला निळा कुणाला कळत नाही. शंका असेल तिथे मास्क पांढऱ्याकडे झुकवा.

मग धूसरपणा. पडदा अभिनेत्रीच्या मागे असल्याने फोकसच्या बाहेर आहे. चिन्ह धारदार राहिलं तर ते तिच्या पुढे आल्यासारखं वाटतं, मास्क कितीही चांगला असो. पहिल्या टप्प्यातला सहाचा आकडा आता काढा. कडेची रुंदी साधारण अडीचने भागली की Gaussian Blur चा Radius मिळतो. सहासाठी २.४ च्या आसपास. चिन्ह स्मार्ट ऑब्जेक्ट असल्याने हा फिल्टर नंतरही बदलता येतो. तो चिन्हाच्या लेयरला लावायचा, गटाच्या मास्कला नाही. केस धूसर झाले तर चुकीच्या जागी लागलाय.

शेवटी गडदपणा. छापलेली शाई कधीच संगणकावरच्या इतकी गर्द नसते. चिन्हाची Opacity ८५ ते ९० टक्क्यांवर आणा आणि पडद्यावर कॅमेऱ्याचे कण दिसत असतील तर चिन्हावर Add Noise एक ते दीड टक्का, Monochromatic वर खूण करून.

## मास्क खरंच बसला का, हे कसं ओळखाल

चिन्हाच्या गटात, चिन्हाच्या वर, एक भडक पोपटी Solid Color लेयर तात्पुरता टाका आणि गटाचा मोड काही क्षण Normal करा. आता केसांव्यतिरिक्त सगळा पडदा पोपटी दिसला पाहिजे आणि केसांची टोकं त्यात विरत गेली पाहिजेत. गालावर, फुलांवर पोपटी आला तर चौथ्या टप्प्यात काही भरायचं राहिलंय. पडद्यावर पोपटी कुठे पुसट झाला तर तिथे सावली राहिलीय. टोकांना साय रंगाची किनार दिसली तर पांढरी खूण कमी ओढली गेली. लेयर काढून टाका, मोड परत Multiply.

हे सगळं १०० टक्क्यांवर पाहा. चारशे टक्क्यांवर प्रत्येक मास्क वाईट दिसतो, आणि त्या नादात लोक चांगले केस खरवडून टाकतात.

## हे कुठे चालत नाही

काळ्या किंवा गडद करड्या चिन्हासमोर काळे केस असतील तर तिन्ही चॅनलमध्ये दोन्ही गडदच आहेत. तिथे मोकळ्या पडद्यासमोरच्या केसांचा मास्क चॅनलने करा आणि चिन्हावरच्या बटा, त्यांची दिशा पाहून, बारीक ब्रशने मास्कमध्ये हाताने ओढा. वेळ लागतो, पर्याय नाही. पाठीमागून दिवा असेल आणि केसांची कडा पडद्यापेक्षाही उजळ चमकत असेल, तर तेवढी चमकती किनार चॅनलला पडद्यासारखीच दिसते, तीही हातानेच. नाटकात लाल जेल लावलेल्या दिव्यांचा प्रसंग असेल तर लाल चॅनल भरून वाहत असतो. तो फोटो सोडा, त्याच नाटकातला साध्या उजेडातला दुसरा मागा. आणि केसांना मेंदी असेल तर लाल चॅनलमध्ये केस फिके होतात. आकडे वाचा, केस आणि चिन्ह यांत शंभरचाही फरक नसेल तर पाचव्या टप्प्यानंतर त्या केसांना थोडा तांबूस रंग हाताने परत द्यावा लागेल.

## छपाईला पाठवताना

लेयर असलेली मूळ फाइल ‘केस’ आणि ‘शरीर’ या दोन्ही चॅनलांसकट ठेवा. प्रायोजक शेवटच्या दिवशी बदलतात आणि तेव्हा फक्त सहावा टप्पा परत करायचा असतो. सीएमवायके रूपांतर सपाट केलेल्या प्रतीवर करा, आणि रूपांतरानंतर निळा तपासा. गडद निळ्यात मॅजेंटा सायनच्या बरोबरीला आला की फ्लेक्सवर तो जांभळा दिसतो. मॅजेंटा सायनपेक्षा निदान तीस टक्क्यांनी कमी येईपर्यंत तो Selective Color मधून Blues निवडून खाली आणा, आणि मुद्रकाकडून वीतभर तुकडा छापून घेतल्याशिवाय मोठा फ्लेक्स सोडू नका.